सभेची पहिली वीस मिनिटं

सप्टेंबर महिना उजाडला की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंगल कार्यालयांमध्ये एक वेगळीच गर्दी सुरू होते. पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था या सगळ्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा याच महिन्यात दाटीवाटीने येतात. कारण सरळ आहे. सहकारी संस्थेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते. लेखापरीक्षण, अहवालाची छपाई, सूचनापत्रं यांत ऑगस्ट निघून जातो आणि उरतात ते सप्टेंबरचे चार रविवार.

या सभांमध्ये काय गाजतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. लाभांश किती, थकबाकी किती, कुणी आवाज चढवला, कुणी माइक घेतला. पण सभेत पुढे काय होणार, हे बरंचसं तिच्या पहिल्या वीस मिनिटांत ठरून जातं. अध्यक्ष सभा कशी उघडतात, संचालकांची ओळख कशी करून देतात आणि विषयपत्रिका सभासदांपुढे कशी ठेवतात, यावर ती सभा हिशेब मागण्याची जागा होणार की ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याची, हे अवलंबून असतं. संचालकांची ओळख म्हणजे कोणत्या प्रश्नाला कोण उत्तर देणार हे मालकांना दाखवणं, आणि विषयपत्रिका सांगणं म्हणजे कोणत्या विषयावर मालकांनी काय करायचं आहे हे त्यांना सांगणं. या दोन्ही गोष्टी नीट झाल्या तर पुढचं काम निम्मं सोपं होतं.

बोलणं मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. समजा, एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था आहे. सभासद २,१०० आणि संचालक मंडळ १३ जणांचं. त्यातल्या आठ जागा सर्वसाधारण आणि पाच राखीव आहेत. राखीव जागांपैकी दोन महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, तसंच भटक्या विमुक्त जाती-जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक. कायद्याने संचालकांची कमाल संख्या २१ ठेवली आहे, लहान संस्थांमध्ये ती त्याहून कमी असते. आपल्या या संस्थेच्या अध्यक्ष एक बाई आहेत आणि सभा रविवारी, २८ सप्टेंबर २०२५ ला सकाळी दहा वाजता आहे.

सूचनेपासून खुर्चीपर्यंत

अध्यक्ष माइकसमोर येतात तेव्हा सभेचा पाया आधीच घातलेला असतो. तो नीट घातला नसेल तर कितीही चांगलं बोलून उपयोग होत नाही. बहुतेक संस्थांच्या उपविधींत वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी असं असतं. ‘पूर्ण’ म्हणजे सूचना निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. २८ तारखेच्या सभेसाठी १४ ते २७ सप्टेंबर हे चौदा दिवस मोकळे राहायला हवेत, म्हणून सूचना उशिरात उशिरा १३ तारखेला निघायला हवी. १४ तारखेला निघालेली सूचना एका दिवसाने कमी पडते, आणि सभेनंतर एखादा ठराव कुणाला नको असला की नेमकी हीच त्रुटी वर काढली जाते. म्हणून सूचना किती तारखेला आणि कशी पाठवली, याची नोंद अध्यक्षांनी सचिवांकडून सभेपूर्वीच बघून घ्यावी.

दुसरा प्रश्न खुर्चीचा. अनेक ठिकाणी सभेच्या सुरुवातीला ‘अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारावं’ अशी सूचना मांडली जाते, दुसरा कुणी अनुमोदन देतो आणि टाळ्या पडतात. संस्थेचे अध्यक्ष स्वतः हजर असतील तर याची गरज नाही. सर्वसाधारण सभेचं अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच असतं. ते नसतील तर उपाध्यक्ष येतात, आणि दोघंही नसतील तेव्हाच हजर सभासदांनी आपल्यातून त्या सभेपुरता अध्यक्ष निवडायचा असतो. त्या वेळी सूचक आणि अनुमोदक यांना खरा अर्थ असतो, आणि त्यांची नावं इतिवृत्तात यायला हवीत.

तिसरी गोष्ट गणपूर्तीची, म्हणजे बोलण्यातल्या कोरमची. किती सभासद हजर असले की सभेला काम सुरू करता येतं, हा आकडा संस्थेच्या उपविधीत दिलेला असतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तो एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो कमी असेल तो आहे. पतसंस्थांमध्ये तो संस्थेगणिक बदलतो. अध्यक्षांनी अंदाजाने सभागृह भरल्यासारखं दिसतंय म्हणून पुढे जाऊ नये. दारातल्या हजेरी पुस्तकातल्या सह्या सचिवांकडून मोजून घ्याव्यात आणि तो आकडा मोठ्याने सांगावा.

गणपूर्ती झाली नाही तर? आपल्याकडच्या बहुतेक सूचनापत्रांच्या तळाशी एक टीप असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल आणि तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही. ही सोय कायदेशीर आहे, पण ती वापरताना हमखास घोळ होतो. साडेदहा वाजेपर्यंत लोक येत राहतात, मधल्या काळात कुणीच काही जाहीर करत नाही आणि मग सभा सरळ सुरू होते. ही मूळ सभा की तहकूब झालेली सभा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अध्यक्षांनी दोनदा उभं राहायचं असतं. ठरलेली वेळ संपल्यावर उभं राहून ‘गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब करत आहोत, ती अमुक वाजता पुन्हा भरेल’ असं सांगायचं, आणि त्या वेळेला पुन्हा उभं राहून तहकूब सभा सुरू झाल्याचं जाहीर करायचं. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचे विषयच घ्यायचे असतात, हेही त्याच वेळी सांगून टाकावं. त्यामुळे ‘लोक कमी आहेत तेवढ्यात हाही विषय उरकून घेऊ’ ही वाट बंद होते.

आता आपल्या अध्यक्ष बाईंचं पहिलं वाक्य ऐकू. “सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. हजेरी पुस्तकात २१४ सभासदांच्या सह्या झाल्या आहेत. आपल्या उपविधीप्रमाणे गणपूर्ती झाली आहे, त्यामुळे सन २०२४-२५ या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू झाल्याचं मी जाहीर करते.” वेळ, संख्या आणि घोषणा या तीन गोष्टी त्यात आल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याला हेच हवं असतं.

आधी काम, मग सत्कार

आपल्या सभांची सुरुवात दीपप्रज्वलनाने होते, प्रतिमेला हार घातला जातो आणि वर्षभरात निधन पावलेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहिली जाते. ही रीत चांगली आहे. संस्था माणसांची असते आणि गेलेल्या माणसांचं स्मरण सगळ्यांनी मिळून करावं. त्याला पाच मिनिटं पुरतात.

अडचण सत्कारांनी होते. दहावी-बारावीचे गुणवंत, निवृत्त शिक्षक, नव्याने निवडून आलेले पाहुणे, उत्कृष्ट ठेवीदार. शाल, श्रीफळ, फोटो, मनोगत. बघता बघता दीड तास जातो. तोवर लांबच्या गावाहून आलेला म्हातारा सभासद बसची वेळ गाठायला निघून जातो, बायकांना घरची कामं बोलावतात, आणि जेवणाचा वास आला की उरलेल्यांचं लक्ष उडतं. मग ताळेबंदाचा विषय येतो तेव्हा सभागृहात कर्मचारी आणि संचालकांचे जवळचे लोक तेवढे उरतात. हे कुणी मुद्दाम करो वा न करो, परिणाम एकच होतो. म्हणून अध्यक्षांनी आधीच ठरवून टाकावं की सत्कार सभेचं कामकाज संपल्यावर होतील. गुणवंत मुलांनाही आपल्या आई-वडिलांच्या संस्थेचा कारभार कसा चालतो ते तासभर बघायला मिळेल.

ओळख: कोण बसलंय, कशासाठी बसलंय

पुढची पाच मिनिटं संचालक मंडळाची. छापील अहवालाच्या आतल्या पानावर सगळ्या संचालकांचे फोटो असतात, मग ओळख कशाला, असं वाटू शकतं. फोटोखाली नाव आणि ‘संचालक’ एवढंच असतं. कर्ज समितीत कोण आहे, वसुलीचं काम कोण बघतं, शाखेच्या जागेचा व्यवहार कुणी केला, हे त्यावरून कळत नाही. सभासदाला मात्र तेच हवं असतं.

ओळख करून देताना अध्यक्षांनी प्रत्येकाचं नाव, कोणत्या मतदारसंघातून निवडून आले ते आणि मंडळात कोणती जबाबदारी आहे ते सांगावं. ज्याचं नाव घेतलं त्याने उभं राहावं. विशेषणं गाळावीत. ‘थोर समाजसेवक’, ‘तरुण तडफदार नेतृत्व’, ‘दानशूर व्यक्तिमत्त्व’ असे शब्द एकासाठी वापरले की सगळ्यांसाठी वापरावे लागतात, आणि मग पाच मिनिटांची ओळख अर्धा तास चालते. शिवाय ज्यांच्या कामाचा हिशेब आता तपासायचा आहे, त्यांचं कौतुक तपासणीच्या आधी करणं योग्य नाही.

आपल्या अध्यक्ष बाई अशी ओळख करून देतील: “माझ्या उजवीकडे संस्थेचे उपाध्यक्ष आहेत, ते कर्ज समितीचं काम बघतात. कर्जवाटपाबद्दल तुमचे प्रश्न असतील तर उत्तर ते देतील. त्यांच्या शेजारी महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या आमच्या संचालक, त्या वसुली समितीच्या प्रमुख आहेत. थकबाकीचा विषय आला की माहिती त्या सांगतील.” प्रत्येक वेळी नाव घ्यायचं, अर्थातच. अशा रीतीने अकरा जणांची ओळख चार मिनिटांत होते.

अकराच का, हेही सांगायला हवं. मंडळ तेरा जणांचं आहे. एक संचालक आजारपणामुळे आले नाहीत, त्यांनी तसं लेखी कळवलं आहे. एक जागा राजीनाम्यामुळे रिकामी आहे. बहुतेक सभांमध्ये या दोन गोष्टी कुणी बोलत नाही, आणि मग सभासद आपापसांत तर्क करत बसतात. कोण आलं नाही, का आलं नाही, कुणाची जागा कधीपासून रिकामी आहे, हे अध्यक्षांनी स्वतः सांगितलं की कुजबुज थांबते. वसुलीच्या समितीचा प्रमुखच गैरहजर असेल तर त्याच्याऐवजी उत्तर कोण देणार, तेही तिथेच सांगावं.

व्यासपीठावर संचालकांशिवाय आणखी माणसं असतात. मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा व्यवस्थापक, लेखापरीक्षक, कायदा सल्लागार, कधी तज्ज्ञ संचालक. यांची ओळख वेगळी करून द्यावी, कारण त्यांची जबाबदारी वेगळी आहे. व्यवस्थापक पगारी नोकर आहेत, ते मंडळाच्या निर्णयांची अंमलबजावणी करतात. त्या निर्णयांचा जाब त्यांना नाही, मंडळाला विचारायचा. आणि पाहुणे म्हणून बोलावलेले लोक सभासद नसतील तर त्यांना मत नाही. ते व्यासपीठावर नसलेलेच बरे.

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत संचालकांची निवडणूक होत नाही. ती पाच वर्षांतून एकदा, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली वेगळी होते. मतदानाच्या दिवशी सभासद मतपत्रिकेवर शिक्का मारतो आणि घरी जातो. निवडून दिलेली सगळी माणसं एकत्र, समोरासमोर दिसण्याची खात्रीची संधी त्याला वर्षातून एवढी एकदाच मिळते. म्हणून ही चार मिनिटं घाईत उरकू नयेत.

कंपन्यांमध्ये थोडं वेगळं असतं. तिथे भागधारकच सभेत संचालकांच्या नेमणुकीवर मत देतात, आणि फेरपाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची पुनर्नियुक्ती हा नेहमीच्या चार विषयांपैकी एक असतो. उरलेले तीन म्हणजे आर्थिक पत्रकं, लाभांश आणि लेखापरीक्षक. पण ओळखीमागचा विचार तिथेही हाच आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाने भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी वार्षिक सभेला हजर राहावं, असा सेबीचा नियम आहे. मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या सभेत अध्यक्ष ‘आमच्या लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष इथे उपस्थित आहेत’ असं म्हणतात ते यासाठीच. आपल्या पतसंस्थेनेही ही सवय उचलण्यासारखी आहे.

विषयपत्रिका: वाचणं आणि समजावणं

यानंतर सूचना आणि विषयपत्रिका. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ प्रमाणे सभा सुरू झाल्यावर सचिवांनी किंवा सभा बोलावणाऱ्या अधिकाऱ्याने सूचना आणि विषयपत्रिका वाचून दाखवायची असते, आणि विषय त्याच क्रमाने घ्यायचे असतात. हजर सभासदांनी ठरवलं आणि अध्यक्षांनी परवानगी दिली तरच क्रम बदलता येतो.

वाचन सचिव करतील, पण ते बहुतेक वेळा एका दमात होतं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं अध्यक्षांनी स्वतः बोलावं. दहा विषयांपैकी प्रत्येकावर सभासदांनी काय करायचं आहे, ते सोप्या शब्दांत सांगावं. काही विषयांची सभेने फक्त नोंद घ्यायची असते, काहींना मंजुरी द्यायची असते, आणि काहींवर चर्चा करून नवा निर्णय करायचा असतो. आपल्या अध्यक्ष बाई म्हणतील: “विषय एक, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. त्यात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ते आज सांगायचं. विषय दोन ते चार पैशांचे आहेत: अहवाल आणि ताळेबंद, नफावाटणी, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. यावर तुमचं मत घेतलं जाईल. विषय पाच, लेखापरीक्षण अहवाल आणि मागच्या दोषांची दुरुस्ती. विषय सहा, नव्या लेखापरीक्षकांची नेमणूक. विषय सात, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाईकांना दिलेल्या कर्जांची माहिती. विषय आठ, उपविधी दुरुस्ती. त्यासाठी हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांची गरज आहे, म्हणून त्या वेळी हात मोजले जातील.” नववा विषय गैरहजर सभासदांच्या रजेचा आणि दहावा ऐनवेळच्या विषयांचा. ते एका वाक्यात येतात.

सातव्या विषयाशी सकाळची ओळख जोडलेली आहे. कलम ७५ प्रमाणे समितीच्या सदस्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचा तपशील वार्षिक सभेपुढे ठेवावाच लागतो. कागदावर तो एक छोटा तक्ता असतो. पण संचालकांची ओळख नीट झाली असेल तर त्या तक्त्यातलं नाव आणि व्यासपीठावरचा माणूस यांची सांगड सभासद सहज घालू शकतो. अध्यक्षांच्या स्वतःच्या घरात कर्ज असेल तर त्या विषयापुरती त्यांनी खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यावी, आणि ‘विषय सातच्या वेळी मी खुर्ची सोडणार आहे’ हे विषयपत्रिका समजावतानाच सांगून टाकावं. कंपन्यांच्या सचिवीय मानकांत याच्याशी मिळताजुळता नियम आहे. ज्या ठरावात अध्यक्षांचा हितसंबंध असेल त्याचं कामकाज त्यांनी चालवू नये, असं पब्लिक कंपन्यांसाठी तिथे सांगितलं आहे.

क्रम बदलला की निर्णय बदलतो

विषयांचा क्रम ही निव्वळ औपचारिक बाब वाटते. आपल्या उदाहरणात ती किती महत्त्वाची ठरते ते पाहू. विषय तीन नफावाटणीचा आहे आणि लेखापरीक्षण अहवाल पाचवा. विषयपत्रिका वाचून झाल्यावर एक सभासद हात वर करतो आणि म्हणतो, “ताई, लेखापरीक्षण आधी घ्या, नफा मग वाटा.” असं का?

संस्थेने निव्वळ नफा ४० लाख रुपये दाखवला आहे. कायद्याप्रमाणे त्याचा किमान एक चतुर्थांश, म्हणजे १० लाख, राखीव निधीला जायला हवा. भागभांडवल १ कोटी ६० लाख आहे आणि मंडळाने १० टक्के लाभांश सुचवला आहे, म्हणजे १६ लाख. कायद्याची कमाल मर्यादा १५ टक्के आहे, तेव्हा त्या बाजूने काही अडचण नाही. उरलेल्या १४ लाखांपैकी ८ लाख इमारत निधीला आणि ६ लाख इतर निधींना. बेरीज बरोबर ४० लाख होते.

पण लेखापरीक्षकांनी अहवालात लिहिलं आहे की थकीत आणि बुडीत कर्जांसाठी केलेली तरतूद १२ लाखांनी कमी आहे. ती पूर्ण केली तर नफा २८ लाखांवर येतो. राखीव निधीला किमान ७ लाख जातात, लाभांशाचे १६ लाख तसेच ठेवले तर शिल्लक राहतात ५ लाख. इमारत निधीचे ८ आणि इतर निधींचे ६ लाख त्यात बसत नाहीत. म्हणजे एक तर लाभांश कमी करावा लागेल किंवा निधींना कात्री लावावी लागेल. नफावाटणी आधी मंजूर करून टाकली आणि मग लेखापरीक्षण अहवाल वाचला, तर सभेला हा प्रश्न पडेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो.

अशा वेळी अध्यक्षांनी काय करावं? सूचना मांडणाऱ्या सभासदाचं नाव विचारावं, अनुमोदन मागावं आणि सभेला विचारावं: “विषय पाच हा विषय तीनच्या आधी घ्यावा अशी सूचना आहे. मान्य असणाऱ्यांनी हात वर करा. आता ज्यांना मान्य नाही त्यांनी.” बहुमत असेल तर परवानगी देऊन क्रम बदलावा आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगावं. यात अध्यक्षांचा अधिकार जराही कमी होत नाही. उलट विषयपत्रिका मांडतानाच क्रमाबद्दल विचारून घेतलं तर भर सभेत त्यावरून होणारी ओढाताण टळते.

‘मंजूर’च्या आधी दोन नियम

पहिला विषय घेण्यापूर्वी अध्यक्षांनी दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. एक म्हणजे प्रश्न कसे विचारायचे. प्रश्न अध्यक्षांना उद्देशून विचारायचा, आधी आपलं नाव आणि सभासद क्रमांक सांगायचा, एका विषयावर एका माणसाने ठरलेल्या वेळेतच बोलायचं. ज्यांनी आधी लेखी प्रश्न दिले आहेत त्यांना प्राधान्य. निर्णय हात मोजून होईल, विरोध करणाऱ्याचं नाव त्याने सांगितल्यास लिहिलं जाईल, आणि समान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत असेल. मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला तरी हात मोजल्याशिवाय ठराव झाला असं लिहायचं नाही, एवढं एक वाक्य सुरुवातीला बोललं की त्या गलक्यातली हवाच निघून जाते.

दुसरं म्हणजे ऐनवेळचे विषय. विषयपत्रिकेतला शेवटचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असा असतो आणि सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो. जमीन खरेदी, मोठी बांधकामं, उपविधीत बदल, एखाद्याचं सभासदत्व काढणं, असे विषय दुपारी दोन वाजता, अर्धी सभा रिकामी झाल्यावर तिथून आत शिरतात. ज्या विषयाची पूर्वसूचना कायद्याने किंवा उपविधीने आवश्यक आहे तो इथे घेता येत नाही. बाकीचेही विषय किरकोळ असावेत. जो सभासद आला नाही त्याने सूचना वाचून ‘यात आपल्याला लागणारं काही नाही’ असं ठरवलेलं असतं, त्याच्या पाठीमागे मोठा निर्णय करणं अन्यायाचं आहे. म्हणून अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावं की ऐनवेळचे विषय चौथा विषय संपेपर्यंत लेखी द्यायचे, आणि त्यांतले कोणते घेतले, कोणते नाकारले आणि का, हे सभेसमोर वाचून दाखवलं जाईल.

पुरावा इतिवृत्तात राहतो

सभा कशी उघडली, याची खरी परीक्षा काही महिन्यांनी होते. एखाद्या ठरावावरून वाद झाला की सभेचं कामकाज कसं चाललं हा प्रश्न कलम ९१ खाली सहकार न्यायालयापुढे जाऊ शकतो. तिथे भाषणं चालत नाहीत, इतिवृत्त बघितलं जातं. त्यात सभा सुरू झाल्याची वेळ आहे का? हजेरीचा आकडा आहे का? सभा तहकूब झाली असेल तर दोन्ही वेळा आहेत का? कोण संचालक हजर होते, कोण नव्हते, हे आहे का? क्रम बदलला असेल तर सूचक, अनुमोदक आणि मतं आहेत का? ‘सर्व विषय सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहिलेलं इतिवृत्त ज्या संस्थेकडे आहे, तिच्याकडे वादाच्या दिवशी दाखवायला काहीच नसतं.

हे तपासणं प्रत्येक सभासदाच्या हातात आहे, कारण पहिलाच विषय मागच्या इतिवृत्ताचा असतो. या सप्टेंबरमध्ये तुमच्या संस्थेची सूचना आली की तिच्यावरची तारीख बघा आणि सभेच्या दिवसापर्यंत दिवस मोजा. मागच्या वर्षीचं इतिवृत्त मागून घ्या आणि त्याची पहिली वीस ओळी वाचा. मग वेळेवर जा, पुढच्या रांगेत बसा, आणि अध्यक्षांनी हजेरीचा आकडा सांगितला नाही तर उभं राहून तो विचारा. लाभांश किती मिळणार हा प्रश्न त्यानंतरचा.